पाच लाखांचा पगार गेला कुठे?

पगाराच्या दिवशी कारखान्याच्या बँक खात्यातून ४ लाख ४० हजार रुपये गेले, तर त्या महिन्याची मजुरी किती? बरेच छोटे कारखानदार सांगतील, ४ लाख ४० हजार. उत्तर चुकीचं आहे, आणि ही चूक पुढे थेट कोटेशनपर्यंत जाते.

भोसरीतला एक यंत्रभागांचा कारखाना कल्पनेने उभा करू. पंचवीस पुरुष कामगार, प्रत्येकाचा एकूण पगार २० हजार, म्हणजे महिन्याला ५ लाख. पीएफ १५ हजारांच्या मूळ पगारावर १२ टक्के कापला जातो, त्याचे ४५ हजार. ईएसआय पाऊण टक्का, म्हणजे ३,७५०. व्यवसाय कर माणशी २००, म्हणजे ५ हजार. शिवाय काहींनी घेतलेल्या उचलीचे हप्ते ६,२५०. एकूण कपात ६० हजार, हातात पडले ४ लाख ४० हजार.

हे ६० हजार कामगारांचेच आहेत. मालकाने ते फक्त कापून घेतले आहेत, आणि उचल सोडली तर बाकीचे त्याला सरकारी खात्यांत भरायचे आहेत. म्हणून नोंद अशी होते: वेतन नियंत्रण खाते नावे ५ लाख, बँक जमा ४ लाख ४० हजार, पीएफ देणे ४५ हजार, ईएसआय देणे ३,७५०, व्यवसाय कर देणे ५ हजार, आणि कामगार उचल खाते ६,२५०. पीएफ आणि ईएसआय पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरले की ती देणी मिटतात. मालकाचा स्वतःचा वाटा, पीएफचे १२ टक्के आणि ईएसआयचे सव्वातीन टक्के, म्हणजे इथे ६१,२५० रुपये, हा या ५ लाखांच्या बाहेरचा खर्च आहे. त्याची नोंद वेगळी करावी लागते.

इथपर्यंतचं काम पगारपत्रक बघून कोणताही हिशेबनीस करू शकतो. खरी गंमत पुढे आहे. नियंत्रण खात्यावर बसलेले ५ लाख कुठे कुठे वाटायचे? त्यासाठी पगारपत्रक पुरत नाही, जॉब कार्ड लागतं.

पंचवीसपैकी सात जण स्टोअर, देखभाल, तपासणी, साफसफाई अशा कामांवर आहेत. त्यांचे १ लाख ४० हजार कोणत्याही एका ऑर्डरला चिकटवता येत नाहीत. ही अप्रत्यक्ष मजुरी. उरलेले अठरा जण यंत्रांवर आहेत. पंचवीस दिवस, रोज आठ तास, म्हणजे मिळून ३,६०० तास, तासाला १०० रुपये. त्यांचा सगळा पगार थेट मजुरी धरावा असं वाटतं. पण कार्डं जुळवली तर ऑर्डरींवर ३,१२० तासच लागलेले दिसतात. यंत्रं पुसणं आणि माल हलवणं यात ९६ तास गेले, ते अप्रत्यक्ष मजुरीत जातील. हत्यार बदलणं, ड्रॉइंगची वाट पाहणं, यात २४० तास गेले. असा थोडा रिकामा वेळ प्रत्येक कारखान्यात असतोच. आणि एका दिवशी ट्रान्सफॉर्मर जळाला म्हणून अठरा माणसं आठ तास बसून राहिली: १४४ तास.

आता दुसरी नोंद. थेट मजुरीचे ३,१२,००० प्रक्रियेतील माल खात्याला नावे. अप्रत्यक्ष १,४९,६०० आणि नेहमीचा रिकामा वेळ २४,०००, मिळून १,७३,६००, कारखाना ओव्हरहेडला नावे. ट्रान्सफॉर्मरचे १४,४०० थेट नफा-तोटा खात्याला नावे. जमा बाजूला वेतन नियंत्रण खाते ५ लाख, आणि ते खाते शून्यावर येते. शून्यावर आलं नाही तर कुठला तरी तास सुटला आहे किंवा दोनदा धरला आहे.

ट्रान्सफॉर्मरचा खर्च वेगळा का? कारण ज्याचा शाफ्ट त्या दिवशी यंत्रावर होता, त्या गिऱ्हाइकाने वीज घालवली नव्हती. तो खर्च त्याच्या शाफ्टवर चढवला तर पुढचं कोटेशन उगाच महाग होतं आणि ऑर्डर शेजाऱ्याकडे जाते. ओव्हरहेडचं मात्र उलटं आहे, ते वसूल व्हायलाच हवं. १,७३,६०० ला ३,१२० ने भागा. प्रत्येक थेट तासामागे सुमारे ५६ रुपये येतात. म्हणजे शंभर रुपयांचा तास निव्वळ पगाराच्या हिशेबानेच १५६ ला पडतो. त्यात मालकाचा पीएफ-ईएसआयचा वाटा अजून धरलेलाच नाही.

हे सगळं जॉब कार्डाच्या खरेपणावर उभं आहे. संध्याकाळी घाईत, आठवून आठवून कार्ड भरणारा ऑपरेटर बसलेले तासही एखाद्या ऑर्डरवर टाकून मोकळा होतो. ‘रिकामा’ लिहिलं तर साहेब रागावतील ही भीतीही असते. ते पकडायची खूण सोपी आहे. बारा मिनिटांत निघणारा शाफ्ट एखाद्या तारखेला वीस मिनिटांचा झाला असेल, तर त्या दिवशीची वीजमीटरची आणि देखभालीची नोंदवही उघडा. आणि रिकाम्या वेळेचा रकाना सलग तीन महिने शून्य असेल, तर कारखाना उत्तम चाललाय असं समजू नका. कार्डं खोटी आहेत असंच समजा.