डबल सी, डबल एम

वसतिगृहाच्या इंग्रजी अर्जात 'अकोमोडेशन' हा शब्द आला की मुलांची लेखणी अडते. सी एक की दोन? एम एक की दोन? क्लार्क भरतीच्या परीक्षेला बसणारी मुलेही इथेच हमखास मार्क घालवतात.

घोकण्यापेक्षा शब्द सोडवून पाहावा. तो लॅटिनमधला. मुळात 'मोडस', म्हणजे माप. त्याआधी 'कॉम', म्हणजे सोबत, हा उपसर्ग लागला. कॉमचा एम आणि मोडसचा एम शेजारी आले, झाले दोन एम. त्याच्याही आधी 'अ‍ॅड' बसला. पुढे सी असल्याने अ‍ॅडच्या डीचा सी झाला, म्हणून सीसुद्धा दोन. 'सत्' आणि 'जन' मिळून आपण 'सज्जन' म्हणतो, तसलाच हा प्रकार. मापात बसवणे, म्हणजेच सोय करणे!

आता 'रेकमेंड' घ्या. इथे 'कॉम'च्या आधी नुसता 'री' आहे, अ‍ॅड नाही. म्हणून सी एकच, एम मात्र दोन. शिफारसपत्रांत इथे उगाच दोन सी घातलेले दिसतात. 'ऑकेजन'मध्ये 'ऑब'च्या बीचा सी झाला, म्हणून सी दोन. एस दोन व्हायला काही कारणच नाही, तो एकच.

ही युक्ती सगळीकडे चालत नाही. छळाच्या तक्रारीत लागणारा 'हरॅसमेंट' शब्द फ्रेंचमधून आला. त्यात असा जोड नाही. आर एक, एस दोन, एवढे पाठच करावे लागते. 'एम्बरॅस'मध्ये मात्र आर दोन आणि एसही दोन, त्यामुळे पोरे या दोघांची हटकून गल्लत करतात.