जिन्यातला दिवा आणि कोडिंग टेस्टमधले दोन प्रश्न

घराच्या जिन्यातला दिवा आठवा. एक बटण खाली, एक वर. कुठलंही बटण दाबलं की दिव्याची स्थिती उलटी होते. लागलेला असेल तर विझतो, विझलेला असेल तर लागतो. कुणी लागोपाठ दोनदा दाबलं तर? दिवा होता तसाच. म्हणजे शेवटी दिवा कसा असेल हे सांगायला कोणी कधी दाबलं याच्याशी देणंघेणं नाही. एकूण किती वेळा दाबलं, सम की विषम, एवढंच पुरतं.

कॉम्प्युटरमध्ये यालाच ‘एक्सॉर’ म्हणतात. पायथॉन, सी, जावा या सगळ्यांत त्याचं चिन्ह `^` असं आहे. (म्हणून पायथॉनमध्ये `2 ^ 3` लिहिलं की ८ येत नाही, १ येतो. तो घात नव्हे!) प्लेसमेंटच्या कोडिंग टेस्टमध्ये हमखास दिसणारा एक प्रश्न या दिव्यावरच उभा आहे.

समजा, लायब्ररीच्या दारात स्कॅनर आहे. आत जाताना कार्ड दाखवायचं, बाहेर पडतानाही दाखवायचं. स्कॅनर फक्त रोल नंबर टिपून ठेवतो, आत की बाहेर ते लिहीत नाही. रात्री कुलूप लावायची वेळ झाली आणि यादी अशी आहे: ५, १२, ९, १२, ५. आत कोण राहिलं? जो गेला आणि आला, त्याचा नंबर दोनदा. जो आतच आहे, त्याचा एकदा. इथे नजरेनंच कळतं, ९ नंबर. पण यादीत हजारो नोंदी असतील तर?

```python
logs = [5, 12, 9, 12, 5]
x = 0
for r in logs:
    x ^= r
print(x)
```

उत्तर ९. ना सॉर्टिंग, ना वेगळी यादी, फक्त एक व्हेरिएबल. हे होतं कसं ते बघू. कॉम्प्युटरच्या लेखी प्रत्येक नंबर म्हणजे दिव्यांची एक रांग. डावीकडून ८, ४, २ आणि १ असे चार दिवे धरा. ५ म्हणजे ४ आणि १ चे दिवे लागलेले (०१०१), १२ म्हणजे ८ आणि ४ चे (११००), ९ म्हणजे ८ आणि १ चे (१००१). एखादा नंबर एक्सॉर करायचा म्हणजे त्याच्या लागलेल्या दिव्यांची बटणं एकेकदा दाबायची.

```text
0000 ^ 0101 = 0101
0101 ^ 1100 = 1001
1001 ^ 1001 = 0000
0000 ^ 1100 = 1100
1100 ^ 0101 = 1001
```

५ नं दाबलेली बटणं दुसऱ्या ५ नं परत दाबली, १२ चंही तसंच. उरली फक्त ९ ची. एखादा दिवसातून दोनदा जाऊन आला तरी बिघडत नाही. चार नोंदी म्हणजे समच.

आता तिसरी ओळ परत वाचा. तिथे उत्तर शून्य आलंय. पण त्या क्षणी लायब्ररीत कोण होतं? ५, १२ आणि ९, तिघंही आत! नेमका तेव्हाच प्रोग्राम थांबवला असता तर ‘आत कुणी नाही’ म्हणून कुलूप लागलं असतं. आणि फक्त ५ आणि ९ आत असते तर उत्तर आलं असतं १२. म्हणजे जो केव्हाच घरी जाऊन जेवायला बसलाय त्याचं नाव. ना एरर, ना वॉर्निंग.

ही युक्ती ‘एकच नंबर सुटा आहे’ हे गृहीत धरते, तपासत नाही. म्हणून प्रश्नात ‘बाकी सगळे नंबर दोनदा येतात’ असं लिहिलंय ना, हे आधी बघा. ‘तीनदा येतात’ लिहिलं असेल तर ही युक्ती तशीच चालणार नाही. जोडीला नोंदी मोजा. आत एकच जण असेल तर एकूण नोंदी विषमच असायला हव्यात. नोंदी सम असूनही उत्तर शून्य नसेल, तर निदान दोघं तरी आत आहेत. नोंदी विषम आणि उत्तर शून्य असेल, तर तीन किंवा जास्त. (रोल नंबर १ पासून सुरू होतात असं धरून.)

दिव्यांची हीच रांग दुसऱ्या एका प्रश्नालाही कामाला येते. तिथे ‘कुठल्या कुठल्या वस्तू घेऊ?’ याचे सगळे पर्याय तपासायचे असतात. कँटीनमध्ये वडापाव २० रुपये, मिसळ ६०, चहा १५, पोहे २५. कूपन १०० चं, सुटे परत मिळत नाहीत आणि प्रत्येक पदार्थ जास्तीत जास्त एकदाच घ्यायचा. बरोबर १०० कसे होतील?

प्रत्येक पदार्थाला एक दिवा द्या. लागला तर घेतला, विझला तर नाही. चार दिव्यांच्या १६ वेगवेगळ्या रांगा होतात आणि त्या म्हणजे ० ते १५ हेच आकडे! म्हणून साधा मोजणारा लूपच सगळे पर्याय काढून देतो. त्या आकड्याला ‘बिटमास्क’ म्हणतात.

```python
rates = [20, 60, 15, 25]
n = len(rates)
for mask in range(1 << n):
    total = 0
    for i in range(n):
        if mask & (1 << i):
            total += rates[i]
    if total == 100:
        print(mask)
```

`1 << i` म्हणजे उजवीकडून मोजत, शून्यापासून, i क्रमांकाचा एकच दिवा लावलेली रांग. `&` विचारतो, तो दिवा mask मध्येही लागलाय का? उत्तर छापलं जातं १४, म्हणजे १११०. उजवीकडून वाचा: वडापाव नाही, मिसळ हो, चहा हो, पोहे हो. ६० + १५ + २५ = १००.

इथे बरेच जण एका ठिकाणी फसतात. अटीत `mask & (1 << i)` च्या पुढे `== 1` लावतात. पण दिवा लागलेला असेल तर `&` चं उत्तर १ येईलच असं नाही. मिसळीसाठी ते २ येतं, चहासाठी ४, पोह्यांसाठी ८. मग फक्त वडापाव मोजला जातो आणि स्क्रीनवर काहीच छापलं जात नाही. तुलना करायचीच तर `!= 0` शी करा, आणि सी, सी++ मध्ये `&` भोवती कंस विसरू नका. तिथे `==` आधी सोडवलं जातं. तपासायची सोपी खूण म्हणजे शेवटच्या mask ची बेरीज छापून बघा. त्यात सगळे दिवे लागलेले असतात, म्हणून १२० यायलाच हवी.

आणि मेन्यू मोठा झाला तर? एक पदार्थ वाढला की पर्याय दुप्पट. २० पदार्थांना १०,४८,५७६ पर्याय आणि प्रत्येकात २० दिवे बघायचे, म्हणजे साधारण दोन कोटी तपासण्या. सी++ ला हे सहज जमतं, पायथॉनला काही सेकंद लागतात. ३० पदार्थांना १०७ कोटी पर्याय, ४० ना एक लाख कोटींहून जास्त. तिथे टेस्टची वेळ संपेल, लूप संपणार नाही.

म्हणून कोड लिहायच्या आधी प्रश्नातली n ची मर्यादा वाचा. ती २० च्या आसपास असेल तर बहुतेक वेळा प्रश्न काढणाऱ्यानंच बिटमास्ककडे बोट दाखवलेलं असतं. ती एक लाख असेल, तर हा लूप टाइपसुद्धा करू नका.