मॅगी परत घेतली, म्हणजे चूक कबूल केली?

जून 2015 मध्ये खंडाळ्याच्या बाजारातल्या किराणा दुकानदारापुढे जो प्रश्न उभा राहिला, तोच देशभरातल्या दुकानदारांपुढे होता. मॅगीची खोकी फळीवरून उतरवून वितरकाकडे परत द्यायची. पण गिऱ्हाइकाने विचारलं की ‘माल चांगला असेल तर परत का जातोय?’, तर त्याला सांगायचं काय?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला संकट-संवादाचा एक सिद्धांत उपयोगी पडतो. टिमोथी कूम्ब्स या अमेरिकी अभ्यासकाने तो मांडला. त्यात पहिला प्रश्न असतो, लोक संकटाचं खापर कुणावर फोडतात? कंपनीच बळी ठरली असेल, उदाहरणार्थ बाहेरच्या कुणी मालात विष कालवलं असेल, तर दोष सर्वांत कमी. यंत्रातल्या बिघाडामुळे माल खराब झाला तर तो अपघात, दोष मध्यम. माणसांच्या हलगर्जीपणामुळे झाला तर सर्वांत जास्त. कंपनीने काय बोलायचं, ते या तीन गटांवरून ठरतं.

गैरसमज: प्रयोगशाळेचा निकाल लागला की दोष ठरतो.

कायद्यात तसं असेल, पण लोकांच्या मनात नाही. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीत घेतलेला नमुना कोलकात्याच्या केंद्रीय प्रयोगशाळेत गेला. तिथल्या अहवालात शिशाचं प्रमाण 17.2 पीपीएम निघालं. मर्यादा होती 2.5. शिवाय पाकिटावर ‘नो ॲडेड एमएसजी’ छापलेलं असताना नमुन्यात एमएसजी आढळलं. कंपनीचं म्हणणं, आम्ही ते वेगळं घालत नाही, कच्च्या मालात ग्लुटामेट मुळातच असतं. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे पटण्यासारखं आहे. पण ग्राहकाने पाकिटावर एक वाचलं आणि बातमीत दुसरं ऐकलं. शिसं अपघाताने आलं असेल, असं तो एक वेळ मानेल. पाकिटावरचा मजकूर मात्र कुणीतरी विचार करून छापलेला असतो. त्यामुळे अपघाताच्या गटात बसू शकणारं प्रकरण लोकांच्या मनात थेट तिसऱ्या गटाकडे सरकलं.

सिद्धांतात जुना इतिहासही मोजला जातो. कंपनीवर आधी तसाच ठपका आलेला असेल, तर लोक नव्या संकटातही दोष जास्त देतात. बाळांच्या दूध पावडरीच्या विक्रीवरून 1977 मध्ये नेस्लेवर अमेरिकेत बहिष्कार सुरू झाला होता. भारतात मात्र 1983 पासून मॅगीने घराघरांत जिव्हाळा कमावला होता. ही शिल्लक मोठी होती, तरी तिच्यामुळे वाद टळला नाही.

गैरसमज: माल परत घेणं म्हणजे गुन्ह्याची कबुली.

सिद्धांत तसं मानत नाही. तो सांगतो की आधी लोकांच्या जिवाचं बघा: कोणतं पाकीट खाऊ नये, ते कुठे द्यायचं, पैसे कसे मिळतील. प्रतिमेचा विचार त्यानंतर. 5 जून 2015 रोजी नेस्लेने मॅगी बाजारातून काढत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच दिवशी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नऊ प्रकारांवर बंदी आणली. नेस्लेचे जागतिक प्रमुख पॉल बुल्के यांनी दिल्लीत पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की मॅगी सुरक्षित आहे, पण गोंधळामुळे विश्वास डळमळला म्हणून ती परत घेत आहोत.

घोटाळा झाला तो इथे. परत घेण्याची कृती भरपाईची होती, शब्द मात्र इन्काराचे. कूम्ब्स यांचा इशारा नेमका याबद्दल आहे. इन्कार आणि भरपाई एकत्र आली की दोन्ही कमकुवत होतात. दुकानदार गप्प का व्हायचा, ते यातून कळतं.

गैरसमज: कंपनी कोर्टात जिंकली, म्हणजे तिचं सुरुवातीचं बोलणं बरोबरच होतं.

13 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, कारण कंपनीला बाजू मांडायची संधी मिळाली नव्हती आणि ज्या प्रयोगशाळांवर प्राधिकरणाने भिस्त ठेवली, त्यांच्या मान्यतेवर प्रश्न होते. मॅगी निर्दोष आहे, असं मात्र न्यायालयाने परस्पर ठरवलं नाही. त्याने मोहाली, जयपूर आणि हैदराबादच्या प्रयोगशाळांत नव्याने चाचण्या करायला लावल्या. त्यांत शिसं मर्यादेत आढळलं आणि 9 नोव्हेंबरला मॅगी दुकानांत परतली. मधल्या काळात हजारो टन माल सिमेंटच्या भट्ट्यांत जाळला गेला, एप्रिल ते जून या तिमाहीत सुमारे 64 कोटींचा तोटा झाला आणि भारतातला प्रमुखही बदलला.

गैरसमज: मग सरळ माफी मागावी, ती कुठेही चालते.

चालत नाही. दोष कमी असताना पुरी माफी मागितली, तर लोकांना वाटतं की आत काहीतरी मोठं दडलंय. मॅगीच्या बाबतीत शिशाबद्दल माफी मागण्याचं कारण नव्हतं. चाचण्या उघड करणं पुरेसं होतं. पाकिटावरच्या दाव्याबद्दल मात्र खेद व्यक्त करून तो मजकूर पहिल्याच आठवड्यात काढायला हवा होता. तो काढण्याचं कंपनीने जाहीर केलं, पण बंदीच्या दिवशी. एकाच प्रकरणातले दोन आरोप वेगवेगळ्या गटांत पडू शकतात आणि त्यांना उत्तरंही वेगळीच द्यावी लागतात.

सिद्धांताला मर्यादाही आहेत. हे प्रकरण जसजसं राज्याराज्यांत पसरलं, तसतसा रोष कंपनीवरून तपासणी यंत्रणेकडेही वळू लागला. गटवारीचा तक्ता असा दिवसागणिक सरकणारा दोष मोजत नाही.