जाहिरातीतले तीन शब्द आणि बायोडाटातली एक ओळ

एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात चार वर्षं काम केलेला क्रेडिट ॲनालिस्ट. बायोडाटात ओळ आहे, ‘लघुउद्योगांच्या कर्ज प्रस्तावांची छाननी केली.’ समोरच्या जाहिरातीत मात्र तीन गोष्टी मागितल्या आहेत : फायनान्शियल मॉडेलिंग, नियमांची माहिती आणि ऑडिटचा अनुभव. वरवर पाहता यातलं काहीच जुळत नाही. पण त्याच्या रोजच्या कामात डोकावलं, तर दोन गोष्टी सापडतात आणि तिसरी अर्धीच सापडते.

अर्धी सापडते ती मॉडेलिंग. समजा, एका कारखान्याचा करोत्तर नफा १८ लाख, घसारा ७ लाख आणि मुदत कर्जावरचं व्याज ५ लाख. म्हणजे कर्ज फेडायला ३० लाख हाताशी. वर्षभरात व्याज आणि हप्ते मिळून २० लाख द्यायचे असतील, तर गुणोत्तर येतं १.५. एवढं गणित तो रोज करतो. पण विक्री दहा टक्क्यांनी घटून नफा ८ लाखांवर आला तर? हाताशी उरतात २० लाख आणि गुणोत्तर थेट १ वर येतं. एक हप्ता चुकवायलाही वाव राहत नाही. ‘तर काय होईल’ हे दाखवणारी एक्सेल शीट स्वतः बांधणं म्हणजे मॉडेलिंग. कर्जदाराच्या सीएने पाठवलेला सीएमए डेटा तपासणं हे वेगळं काम आहे. विक्रीचा एक आकडा बदलल्यावर नफा, येणी आणि रोकड आपोआप बदलून ताळेबंद जुळला पाहिजे. अशी शीट कधी बांधली नसेल, तर बायोडाटात ‘मॉडेलिंग’ लिहू नये. मुलाखतीत लॅपटॉप पुढे सरकवला की पाच मिनिटांत खरं काय ते कळतं.

उरलेल्या दोन गोष्टी एकाच प्रसंगात सापडतात. कॅश क्रेडिट खात्याचं स्टॉक स्टेटमेंट तीन महिन्यांहून जुनं असेल, तर त्यावर काढलेल्या ड्रॉइंग पॉवरच्या आधारे दिलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अनियमित धरली जाते. अशी स्थिती सलग ९० दिवस राहिली की खातं एनपीए होऊ शकतं. कॉन्करंट ऑडिटर नेमका यावरच शेरा मारतो, आणि नवं स्टेटमेंट मागवून, ड्रॉइंग पॉवर पुन्हा काढून शेऱ्याची पूर्तता करतो तो हाच ॲनालिस्ट. हा नियमांचाही अनुभव आहे आणि ऑडिटचाही. जाहिरातीत ऑडिटचा ‘अनुभव’ मागितला आहे. त्यासाठी स्वतः ऑडिटर असावं लागत नाही.

तेव्हा ‘छाननी केली’ ही ओळ काढा. कोणत्या प्रकारची खाती पाहिली, कोणता नियम लावला, ऑडिटच्या कोणत्या शेऱ्यांची पूर्तता केली, ते लिहा. आणि अर्ज पाठवण्याआधी एका जुन्या प्रस्तावाची शीट, कर्जदाराचं नाव व आकडे बदलून, कोऱ्या पानावरून स्वतः बांधून पाहा.