तीन तासांचं संमेलन, तीन मिनिटांची गोष्ट

शाळेच्या स्नेहसंमेलनाचं रेकॉर्डिंग बहुतेक ठिकाणी सारखंच असतं. मंडपाच्या मागच्या टोकाला ट्रायपॉडवर एक कॅमेरा, तो ईशस्तवनापासून आभारप्रदर्शनापर्यंत सलग चालू, आणि जोडीला दोन-तीन शिक्षकांनी मोबाइलवर टिपलेले तुकडे. यातून तीन मिनिटांची फिल्म करायची म्हटलं की कोणीही नाराज होऊ नये म्हणून प्रत्येक नाचातले दहा सेकंद घेतले जातात. अशा फिल्ममध्ये सगळे दिसतात, पण काहीच घडत नाही.

गोष्ट हवी तर एकच कार्यक्रम निवडावा लागतो, आणि तोही ज्यात काहीतरी पणाला लागलं आहे असा.

समजा, सातवीचं लेझीम पथक आहे. रांग वळताना एका मुलाच्या हातून लेझीम निसटते, तो दोन ठेके थबकतो, उचलतो आणि पुन्हा रांगेत मिसळतो. रेकॉर्डिंग एकदा सलग पाहून अशा जागांची वेळ वहीत टिपून ठेवली, तर कणा सापडतो. सुरुवातीला विंगेतली फेटे बांधण्याची गडबड आणि या मुलाचा चेहरा. मग प्रवेश, निसटलेली लेझीम, सावरलेला ठेका आणि शेवटचा मनोरा. लेझीम पडण्याआधी तो मुलगा प्रेक्षकांना ओळखीचा झालेला असला पाहिजे, नाहीतर तो क्षण नुसती चूक म्हणून निघून जातो.

संकलनात आधी आवाज बसवावा. हलगीचा ठेका मध्येच तुटला की कानाला लगेच खटकतं. चित्रातला बदल मात्र डोळा सहज पचवतो. म्हणून मुख्य कॅमेऱ्यातला चाळीस-पन्नास सेकंदांचा आवाज अखंड ठेवायचा आणि त्यावर मोबाइलमधली जवळची दृश्यं ठेक्याशी जुळवून बसवायची. विंगेतलं दृश्य चालू असतानाच हलगी ऐकू येऊ लागली, तर प्रवेशाची उत्सुकता आपोआप वाढते.

इथे एक तांत्रिक अडचण येते. बरेच मोबाइल चित्रीकरण करताना दर सेकंदाच्या चौकटींची संख्या कमीजास्त करतात. त्यामुळे सुरुवातीला जुळलेले हात पुढे ठेक्याच्या मागेपुढे होतात. हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तो वेग आधीच स्थिर करून घेतला की हा त्रास टळतो.

प्रेक्षकांची दृश्यं वापरताना जपावं. विनोदी नाटुकल्याला हसलेले पालक लेझीम पडल्याच्या क्षणाला जोडले, तर सगळा मंडप त्या मुलाला हसला असा खोटा अर्थ निघतो. तो क्षण दाखवायचा की नाही, हे मुलाला आणि त्याच्या पालकांना आधी विचारायलाच हवं.

उरलेल्या मुलांचं काय? त्यांचे कार्यक्रम न कापता, वेगवेगळ्या फाइली करून पालकांना द्यावेत. आपल्या लेकीचा पूर्ण नाच मिळाला की फिल्ममध्ये ती दिसत नाही अशी तक्रार फारशी उरत नाही.