दोन खाती, एक खेळाडू

समजा, हजेरीपटावर एकाच मुलाचे नाव दोन क्रमांकांवर लागले. मग त्याची हजेरी दोन ठिकाणी विभागली जाईल, नाही का? संगणकावरील खेळात असेच घडते. नवा ईमेल दिला की नवा खातेक्रमांक मिळतो. खरेदी आणि प्रगती या क्रमांकाखाली नोंदतात. ईमेल हा केवळ पत्ता. पत्ता बदलला म्हणून दोन खाती एक होत नाहीत.

'फोर्टनाइट'च्या अनेक खेळाडूंची अशी दोन खाती होती. २०१९ मध्ये एपिक गेम्स कंपनीने काही काळ ती जोडून दिली. खेळाडू एक खाते मुख्य ठरवी. दुसऱ्यातले पोशाख त्यात येत आणि दुसरे बंद होई. 'सेव्ह द वर्ल्ड'मधील प्रगती मात्र येत नसे. पोशाखांच्या याद्या जोडता येतात. पण २० वी आणि १२ वी पातळी मिळून ३२ वी कशी होणार?

ती सोय मे २०१९ मध्ये संपली. हरवलेले खाते परत मिळवायला मदत कक्ष साहाय्य करू शकतो, पण दोन खाती जोडत नाही. तेव्हा खेळात शिरताच पाटी कोरी दिसली, तर काही विकत घेण्यापूर्वी बाहेर पडा आणि जुन्या ईमेलने पुन्हा शिरून पाहा.