रॅम काढण्याआधी हात कुठे लावाल?

थंडीत लोकरीचा स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, दाराच्या कडीला हात लावला की झटका बसतो. असा झटका आपल्याला जाणवतो तेव्हा अंगावरचा विद्युतभार साधारण 3000 व्होल्टपर्यंत गेलेला असतो. रॅममधल्या चिपला मात्र काही शे व्होल्टही इजा करू शकतात, म्हणजे आपल्याला काहीच न जाणवता ती बिघडू शकते. कधी ती लगेच मरत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी कॉम्प्युटर अधूनमधून अडकू लागतो आणि कारण सापडत नाही.

समजा, डेस्कटॉप सुरू होताना नुसता बीप वाजतोय, पडदा काळाच आहे. रॅम सैल झाली असावी. आधी कॉम्प्युटर बंद करून वायर भिंतीतून काढा, कारण प्लग जोडलेला असेपर्यंत मदरबोर्डवर थोडा वीजपुरवठा चालूच राहतो. मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा. लॅपटॉप असेल तर मागचं झाकण उघडताच पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर सोडवा.

आता कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा. त्याने हात आणि कॅबिनेट एकाच पातळीवर येतात. मध्ये उठून गालिच्यावर चाललात, तर पुन्हा लावा. रॅम कडांनी धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका. त्या खोडरबराने घासायची सवय दुकानांतही दिसते, पण घासण्यानेच स्थिर वीज तयार होते. खाच जुळवून दोन्ही टोकं सारखी दाबा; क्लिप ‘टक्’ करून स्वतःहून बसली पाहिजे.